गुणाकाराच्या प्रश्नात पडताळा कोणता ठेवावा: ओळींची बेरीज की निश्चयक?

नांदेड-लातूरकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रथम वर्षाचा गणिताचा पेपर काढणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी दोन पडताळे सहज उपलब्ध असतात. एक म्हणजे ओळींच्या बेरजा आणि दुसरा म्हणजे |AB| = |A|·|B| हा नियम. पुढील उदाहरण घेऊन दोन्ही तपासता येतील.

```
A = [२ १ ३; ० -१ ४; १ २ -२]
B = [१ ० २; ३ १ -१; २ १ १]
AB = [११ ४ ६; ५ ३ ५; ३ ० -२]
```

B च्या ओळींच्या बेरजा ३, ३, ४ येतात. हा स्तंभ A ने गुणला की २१, १३, १ मिळतात आणि AB च्या ओळींच्या बेरजाही त्याच असाव्या लागतात. निश्चयकाच्या बाजूने पाहिले, तर |A| = -५ आणि |B| = ४ असल्यामुळे |AB| = -२० यायला हवा.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने दुसऱ्या ओळीत (-१)(-१) चे उत्तर -१ धरले आणि शेवटच्या घटकाच्या जागी ५ ऐवजी ३ लिहिले. त्या ओळीची बेरीज १३ ऐवजी ११ येते, त्यामुळे चूक दुसऱ्याच ओळीत आहे हे परीक्षकाला लगेच कळते. याच चुकीमुळे निश्चयक -४४ होतो. काहीतरी बिघडले एवढे त्यावरून समजते, पण कोठे बिघडले ते समजत नाही, शिवाय निश्चयक काढतानाच चूक झाली असण्याची शक्यता उरतेच.

निश्चयकाचा याहून मोठा दोष असा, की विद्यार्थ्याने AB ऐवजी BA काढले तरी -२० हेच उत्तर येते आणि प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांत ही चूक काही दुर्मीळ नव्हे. ओळींची बेरीज मात्र ती पकडते, कारण BA च्या बेरजा ८, २०, १६ आहेत.

म्हणून प्रश्न गुणाकाराचा असेल, तर माझी पसंती बेरजेला राहील. निश्चयक काढणे हाच प्रश्नाचा विषय असेल, तेथे मात्र |A| आणि |B| विचारून झाल्यावर |AB| विचारणे योग्य ठरते, कारण तिन्ही उत्तरांचा एकमेकांशी मेळ बसतो की नाही, हे नमुना उत्तर न उघडताही पाहता येते.

बेरजेच्या पडताळ्यालाही मर्यादा आहे. एकाच ओळीतील दोन घटकांची अदलाबदल झाली किंवा दोन चुका एकमेकींना छेदून गेल्या, तर बेरीज गप्प राहते. त्यासाठी नमुना उत्तरात स्तंभांच्या बेरजाही लिहून ठेवाव्यात: A च्या स्तंभांच्या बेरजा ३, २, ५ ही ओळ B ने गुणली की १९, ७, ९ येतात आणि AB च्या स्तंभांतूनही तेच मिळते.