फ्रिजचं दार उघडं ठेवायचं, कूलर आणायचा की एसी? एका बंद खोलीचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दुपारी पारा ३८-४० अंशांवर जातो. पेठेतल्या किंवा कोथरूडमधल्या भाड्याच्या खोलीत एसी नसतो, पण कोपऱ्यात छोटा फ्रिज असतो. मग दारं-खिडक्या बंद करून फ्रिजच उघडा टाकावा असं वाटतं. समोर उभं राहिलं की पायांवर गार हवा येते, त्यामुळे युक्ती जमली असंही वाटतं. पण खोली तापत असते.

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरू. फ्रिज एकदाराचा, साधारण १९० लिटरचा. कॉम्प्रेसर चालू असताना तो १२० वॅट वीज घेतो आणि आतल्या कॉइलमधून १८० वॅट उष्णता ओढतो, असं समजू. ओढलेली उष्णता नाहीशी होत नाही. ती मागच्या काळ्या जाळीतून बाहेर पडते आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही उष्णता होऊन तिच्यात मिसळते. म्हणजे पुढून १८० वॅट घेतले आणि मागून ३०० दिले. दोन्ही एकाच खोलीत, म्हणून खोलीला १२० वॅटचा हीटर लागल्यासारखंच झालं. बाहेर जाळी नसलेल्या फ्रिजमध्ये तीच नळी बाजूच्या पत्र्याआड असते. पत्र्याला हात लावला की चटका कळतो.

दार बंद असतानाही फ्रिज खोली तापवतोच, पण कमी. आत हवी तेवढी थंडी झाली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो, त्यामुळे तो तासातली थोडीच मिनिटं चालतो. दार उघडं असलं की ती थंडी कधी येतच नाही आणि कॉम्प्रेसर सलग घरघरत राहतो. आठ तासांत जवळजवळ एक युनिट वीज जाते.

तासाभरात १२० वॅटची उष्णता नुसत्या हवेतच अडकली, तर या खोलीची हवा दहा-बारा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात भिंती, फरशी आणि गादी त्यातली बहुतेक उष्णता शोषून घेतात, फटींतून हवाही बदलते. म्हणून वाढ एखाद-दुसऱ्या अंशाची दिसते, आणि म्हणूनच पुष्कळांच्या ती लक्षात येत नाही. थर्मामीटर फ्रिजसमोर न ठेवता समोरच्या भिंतीपाशी, छातीच्या उंचीवर ठेवा. मग दोन-तीन तासांनी आकडा बघा.

एसी वेगळा का ठरतो? यंत्र तेच: कॉम्प्रेसर, गॅस, दोन कॉइल. फरक एवढाच की गरम कॉइल भिंतीपलीकडे असते. एक टनाचा एसी सुमारे १ किलोवॅट वीज घेऊन खोलीतून ३.५ किलोवॅट उष्णता काढतो आणि साडेचार किलोवॅट बाहेर टाकतो. चाकांचा पोर्टेबल एसी घेऊन त्याचा पाइप खोलीतच सोडला, तर तोही उघड्या फ्रिजच्याच पंगतीत बसतो. उलट, फ्रिजची पाठ खिडकीबाहेर काढून फटी नीट बुजवल्या, तर तोही एसीच होईल. पण १८० वॅटचा. नुसतं बसलेलं माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतं. दोघं जण बसले की त्याची गारवा देण्याची ताकद संपली.

कमी खर्चात खरी चुरस कूलरशी आहे. दीडशे-एक वॅटचा कूलर म्हणजे वीज जवळपास फ्रिजइतकीच, पण काम करतं पाणी. तासाला दोन लिटर पाणी वाफ झालं, तर सुमारे १३०० वॅट उष्णता वाफेत जाते. अट एकच: खिडकी उघडी हवी. बंद खोलीत हवा दमट होते, पाणी उडेनासं होतं आणि चिकचिक उरते. मेच्या कोरड्या दुपारी कूलर छान चालतो. जूनमध्ये पाऊस लागला की त्याचा जोर ओसरतो.

पावसाळ्यात उघड्या फ्रिजचे हाल आणखी वाईट. दमट हवेतली वाफ कॉइलवर गोठत जाते, बर्फाचा थर थंडी अडवतो, आणि बर्फ वितळला की मागच्या ट्रेमधून पाणी फरशीवर येतं. सलग चालून कॉम्प्रेसर फार तापला तर त्याचा ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच वीज तोडतो. 'टक्' असा आवाज येऊन फ्रिज गप्प झाला आणि काही मिनिटांनी पुन्हा सुरू झाला, तर हेच झालं असं समजा. तोवर आतलं दूध नासायला लागलेलं असतं.

बजेट फ्रिजपलीकडे जाणारच नसेल, तर दार बंद ठेवा, पाठीमागे वीतभर जागा सोडा आणि रात्री बाहेरची हवा गार झाली की खिडकी उघडून पंखा लावा. पंख्याच्या साठ-सत्तर वॅटचीही उष्णताच होते, पण घाम वाळतो, म्हणून अंगाला गार वाटतं.