बोरिवलीच्या उद्यानासाठी दोन घोषवाक्ये: कोणते निवडावे?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सहलीला येणाऱ्या शाळकरी मुलांसाठी ‘वाघ वाचवा, जंगल वाचवा’ आणि ‘जंगल असेल, तर वाघ असेल’ या दोन घोषवाक्यांचा विचार करता येईल.

पहिले म्हणायला सोपे आहे आणि प्रभातफेरीत चांगले घुमते. मात्र सफारीच्या बसमधून मुलाला दिसणारा वाघ कुंपणाआड असतो आणि त्याला मांस माणसेच पुरवतात, त्यामुळे हा वाघ तर वाचलेलाच आहे, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. शिवाय चौथीतल्या मुलाने वाघ वाचवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही.

दुसरे वाक्य आज्ञा न देता कारण सांगते. रानातल्या वाघाला साधारण आठवड्याला चितळाएवढे एक भक्ष्य लागते, चितळांना गवत आणि पाणी लागते, आणि हे सारे पुरवणारे जंगल सलग असावे लागते. ही साखळी फलकावर वाक्याखालीच चित्रांत दाखवता येते.

अर्थात, या वाक्यावर एखादी चुणचुणीत मुलगी विचारणारच, की इथे जंगल आहे, मग मोकळा वाघ का नाही? सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या, शहराने वेढलेल्या या जंगलात बिबटे टिकून आहेत, पण मोकळ्या वाघांची स्वतंत्र वस्ती टिकायला ते अपुरे पडते, हे उत्तर मार्गदर्शकाकडे तयार हवे. असा प्रश्न पहिल्या वाक्यातून निघत नाही, म्हणून माझी पसंती दुसऱ्याला आहे.