क्रॉनिक पायलोनेफ्रायटिस की कोलॉइड गॉयटर? गुलाबी गोळे दिसले की काय बघायचं

सेकंड इयरच्या पॅथॉलॉजी प्रॅक्टिकलला या दोन स्लाइड्स हमखास गोंधळ घालतात. दोन्हींत गोल पोकळ्या, आत एकसारखा गुलाबी ऐवज आणि कडेला चपट्या पेशींची एक ओळ. क्रॉनिक पायलोनेफ्रायटिसमध्ये किडनीच्या फुगलेल्या ट्युब्युल्समध्ये कास्ट साठतात आणि तो भाग थायरॉइडसारखा दिसू लागतो. म्हणूनच त्याला थायरॉयडायझेशन म्हणतात.

टर्मिनलला मी हीच चूक केली. स्लाइड ठेवली, थेट ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर गेलो, गुलाबी गोळे दिसले आणि ‘कोलॉइड गॉयटर’ लिहून मोकळा झालो. व्हायवात सरांनी तीच स्लाइड स्कॅनरवर आणली, थोडी सरकवली आणि विचारलं, "हे काय आहे?" कोपऱ्यात ग्लोमेरुलस होता. ४०च्या छोट्या फील्डमध्ये तो आलाच नव्हता.

म्हणून आधी अवयव ओळखायचा, आजार नंतर. थायरॉइडमध्ये ग्लोमेरुलस असूच शकत नाही, त्यामुळे एक जरी खात्रीने सापडला तरी प्रश्न संपला. तो साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो आणि १०च्या ऑब्जेक्टिव्हवर फील्डची रुंदी १.८ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे फील्डच्या साधारण नवव्या हिश्शाएवढा गोळा शोधायचा. मात्र तो पुस्तकातल्या चित्रासारखा, केशवाहिन्यांचा टपोरा झुबका असेल असं धरून चालू नका. या आजारात त्याच्याभोवती फायब्रोसिसचं कडं असतं, किंवा तो पूर्ण स्क्लेरोज होऊन नुसता घट्ट गुलाबी गोळा उरतो. घाईत हाच गोळा कोलॉइड वाटतो. फरक असा की कोलॉइडभोवती पेशींची अखंड ओळ असते, स्क्लेरोज्ड ग्लोमेरुलसला तशी नसते आणि आत चुकार न्यूक्लियस दिसतात.

ग्लोमेरुलस सापडलाच नाही तर गोळ्यांचे आकार बघा. गॉयटरमध्ये ते कमालीचे विषम असतात: शेजारीशेजारी एक टिचभर फॉलिकल आणि एक जवळपास फील्ड भरणारं तळं. स्लाइड उजेडासमोर धरली तर मोठी तळी कधीकधी नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. जोडीला जुना रक्तस्राव, तपकिरी हिमोसिडेरिन भरलेले मॅक्रोफेज, फायब्रोसिसचे पट्टे. थायरॉयडाइज्ड ट्युब्युल्स त्या मानाने लहान आणि एकमेकांसारखे असतात, आणि मधल्या इंटरस्टिशियममध्ये लिम्फोसाइट व प्लाझ्मा सेल्सची गर्दी असते. हा आजार ठिगळाठिगळाने पसरतो. त्यामुळे स्लाइड सरकवली की बिघडलेल्या भागाला लागूनच बरी किडनी भेटण्याची शक्यता चांगली असते.

आता खरी अडचण. ‘फॉलिकल आणि लिम्फोसाइट’ एवढंच डोक्यात असेल तर हात हाशिमोटो थायरॉयडायटिसकडे वळतो. जर्मिनल सेंटर दिसलं म्हणजे हाशिमोटो, हा पाठ केलेला नियम इथे दगा देतो, कारण क्रॉनिक पायलोनेफ्रायटिसमध्येही लिम्फॉइड फॉलिकल होऊ शकतात. अशा वेळी निकाल कडेच्या पेशी देतात, आणि ४० लावायची खरी वेळ ही. हाशिमोटोत हर्थल सेल्स असतात: ऐसपैस, दाणेदार, गडद गुलाबी सायटोप्लाझम. तिथली फॉलिकल्स आक्रसलेली, कोलॉइड कमी. पायलोनेफ्रायटिसच्या फुगलेल्या ट्युब्युलची पेशी मात्र दाबून चपटी झालेली असते.

४०वर फोकसच होत नसेल तर लेन्स खाली दाबत राहू नका. १०वर नीट दिसतं आणि ४०वर नाही, तर बहुधा स्लाइड उलटी ठेवली आहे. कव्हरस्लिप वर आहे ना ते तपासा, नाहीतर काच तडकेल.

स्पॉटिंगला फील्ड लावून दिलेलं असतं, सरकवता येत नाही. तिथे मध्यभागातल्या गोळ्यांवर न थांबता फील्डची कड घड्याळाच्या काट्यासारखी फिरून बघायची. अर्धवट कापलेला ग्लोमेरुलस बहुतेकदा तिथेच असतो.

उत्तरपत्रिकेत याच क्रमाने लिहा. त्या टर्मिनलच्या स्लाइडचं उत्तर असं व्हायला हवं होतं: "किडनीचा सेक्शन. काही ग्लोमेरुलाय स्क्लेरोज्ड, काहींभोवती फायब्रोसिस. इंटरस्टिशियममध्ये लिम्फोसाइट, प्लाझ्मा सेल्स आणि फायब्रोसिस. ट्युब्युल्स फुगलेले, पेशी चपट्या, आत इओसिनोफिलिक कास्ट: थायरॉयडायझेशन. निदान: क्रॉनिक पायलोनेफ्रायटिस." मी पहिल्याच ओळीत ‘थायरॉइड’ लिहिलं होतं, त्यामुळे खालचं अचूक वर्णनही दुसऱ्याच अवयवाचं ठरलं.