सात महिने एलसी३ वर: इअरबड्सची बॅटरी नक्की कुठे वाचते

रोज डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन येऊन अडीच तास कानात बड्स असतात, त्यामुळे सात महिन्यांत बऱ्यापैकी अंदाज आलाय म्हणून लिहितोय. बड्स एलई ऑडिओवाले आहेत, म्हणजे ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या नव्या पद्धतीचे, आणि त्यात जुन्या एसबीसीऐवजी एलसी३ हा कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करायची रीत, वापरतात. कंपनीचं नाव घेत नाही कारण सांगायचंय ते कोडेकबद्दल.

आधी आवाज. जुन्या बड्सवर एसबीसी साधारण ३२८ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ३२८ हजार बिट्सवर, चालायचा, दोन्ही कानांचं मिळून. आता माझा सेट प्रत्येक कानाला ९६ घेतो, म्हणजे एकूण १९२. आकडा बघून मला वाटलेलं की आवाज मार खाणार. माझी परीक्षा ठरलेली असते, अभंगातले टाळ, कारण बिटरेट कमी पडला की टाळांचा खणखणाट जाऊन नुसती सळसळ उरते. इथे टाळ स्वच्छ आले, मागची तंबोऱ्याची तारही वेगळी ऐकू येते.

याचं कारण मला फार आवडलं. एसबीसी आवाजाचे फक्त आठ पट्टे करतो, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ असेल तर एकेक पट्टा ३००० हर्ट्झ रुंद. त्यात एकच बारीक सूर असला तरी बिट्स वाचवताना होणारा खरखराट त्या अख्ख्या पट्ट्यात पसरतो आणि सुरापासून लांब पडला की कानाला कळतो. एलसी३ दहा मिलिसेकंदाचा तुकडा घेऊन त्याच्या ५० हर्ट्झच्या बारीक रेषा पाडतो, २० किलोहर्ट्झपर्यंत अशा ४०० होतात. मग खरखराट जिथे मोठा आवाज आहे त्याच्याच खाली लपवता येतो, आणि उरलेले आकडे अरिथमेटिक कोडिंगने आणखी दाबून भरले जातात, हे एसबीसीत नाहीच. कमी बिट्समध्ये जास्त ऐकू येतं ते यामुळे.

आता बॅटरी. बऱ्याच जणांना वाटतं की नवीन कोडेकला डोकं कमी चालवावं लागत असेल म्हणून बॅटरी वाचते, पण तसं नाहीये, एलसी३ चं गणित एसबीसीपेक्षा सोपं नाही. वाचते ती रेडिओची. हिशोब करून बघा: ९६ केबीपीएस म्हणजे दर दहा मिलिसेकंदाला १२० बाइट, २ मेगाबिटच्या वेगाने ते अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास येऊन जातात, बाकी वेळ बडचा रेडिओ झोपू शकतो. ३२८ चा एसबीसी त्याच वेगाने धरला तर तेवढ्याच वेळात दीड मिलिसेकंदाच्या वर ऐकत बसावं लागतं. शिवाय जुन्या पद्धतीत फोन एकाच बडशी बोलतो, मग तो बड दुसऱ्याला आवाज पुढे पाठवतो नाहीतर दुसरा चोरून ऐकतो, आणि चोरून ऐकणाऱ्यालाही दोन्ही कानांचा डेटा घ्यावा लागतो. एलई ऑडिओत प्रत्येक बडला आपली वेगळी धार मिळते, फक्त आपल्या कानापुरती.

हे डोळ्यांनी दिसतं सुद्धा. माझ्या जुन्या जोडीत उजवा बड नेहमी डाव्याच्या आधी बसायचा, संध्याकाळी परळपर्यंत येईतो टूंग वाजायचं. आता दोन्ही जवळपास सारखेच उतरतात. मी एका रविवारी आणि पुढच्या रविवारी घरी तीच प्लेलिस्ट, तोच आवाज, बाहेरचा गोंगाट दाबणारं एएनसी बंद ठेवून लावली, एकदा एलई ऑडिओ चालू आणि एकदा बंद: बंद असताना ६ तास १० मिनिटं, चालू असताना ७ तास. पण एएनसी लावलं की फरक अर्ध्या तासाच्याही आत येतो, कारण तेव्हा माइक आणि एएनसीचं काम इतकं खातं की रेडिओची बचत त्यात बुडून जाते. लोकलमध्ये एएनसी लागतंच, तेव्हा दुप्पट वगैरे अपेक्षा ठेवू नका.

कॉलला फायदा जास्त जाणवला. कॉलचा जुना कोडेक एमएसबीसी १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर अडकायचा, एलसी३ तेवढ्याच ६४ केबीपीएसमध्ये ३२ देतो, आई म्हणाली आता तू विहिरीतून बोलतोयस असं वाटत नाही.

त्रासही आहे. दादरला पुलावर गर्दीत पॅकेट हरवतात, इथे पुन्हा पाठवायला ठराविकच वेळ असतो, त्यामुळे पूर्वीसारखं गाणं थांबत नाही पण मधला तुकडा अंदाजाने भरला जातो आणि क्षणभर पुसट होतो. माझ्या जोडीत एलई ऑडिओ लावला की लॅपटॉप आणि फोन एकत्र जोडता येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे फोन अपडेट झाल्यावर सेटिंग आपोआप बंद झालेलं, दोन आठवडे मी एसबीसीवरच होतो, कळलं ते उजवा बड परत आधी बसायला लागला तेव्हा. ब्लूटूथमध्ये बड्सच्या नावासमोरच्या गिअरवर जाऊन LE Audio चालू आहे का ते अपडेटनंतर एकदा बघत जा.