प्लॅनच्या पॅराग्राफचं टाइमलाइन टेबल: हाताने तारखा, एक्सेलचा फॉर्म्युला की एमएस प्रोजेक्ट?

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कुठेही जावा, नवीन मशीन घ्यायचं ठरलं की प्लॅन एका पॅराग्राफमध्येच लिहिलेला असतोय, व्हॉट्सअॅपवर नाहीतर बँकेच्या फाइलमध्ये. मग कोणतरी म्हणतंय याचं टेबल करून द्या. इथं तीन रस्ते आहेत: तारखा हाताने टाईप करायच्या, एक्सेलमध्ये फॉर्म्युला लावायचा, किंवा एमएस प्रोजेक्टसारखं सॉफ्टवेअर घ्यायचं. कुठला घ्यायचा हे एका उदाहरणावर बघूया, कारण नुसतं फीचर वाचून हे कळत नाही.

समजा गोकुळ शिरगावातल्या एका मशीन शॉपचा २०२६ चा प्लॅन असा आहे:

"३ ऑगस्टला पीओ आणि अॅडव्हान्स देऊ, मशीन आठ आठवड्यांत येईल. चालू ऑर्डर ३१ ऑगस्टला संपली की जुनी लेथ हलवायची, तिथंच फाउंडेशन घ्यायचं, काँक्रीट पूर्ण पिकल्यावर मशीन बसवायचं. तोपर्यंत इलेक्ट्रिकचं काम उरकून घ्यायचं. मग कमिशनिंग, ट्रायल, ग्राहकाचं अप्रूव्हल, आणि पहिला लॉट दिवाळीच्या आधी गेलाच पाहिजे."

टूल कुठलंही असू दे, आधी हा पॅरा फोडायला लागतोय, आणि माझ्या मते निम्मी चूक इथंच होतेय. 'संपली की', 'झाल्यावर', 'मग' हे शब्द सरळ आहेत, आधीचं काम संपलं की पुढचं सुरू. भानगड 'तोपर्यंत'ची आहे. त्यातनं काम कधी संपलं पाहिजे एवढंच कळतंय, कधी सुरू करता येईल ते कळत नाही. आणि इथं तर इलेक्ट्रिकचं काम म्हणून दोन वेगळी कामं एका शब्दात बसवलीत: जमिनीतनं जाणारा कॉन्ड्युट काँक्रीट ओतायच्या आधीच टाकायला लागतोय, पॅनल आणि अर्थिंग मात्र कमिशनिंगच्या आधी कधीही झालं तरी चालतंय. एकच ओळ ठेवली तर काँक्रीट झाल्यावर ब्रेकर लावायची वेळ येते, म्हणून दोन ओळी करायच्या.

दुसरा शब्द 'पूर्ण पिकल्यावर'. पाणी मारायचे दिवस आणि ताकद यायचे दिवस वेगळे असतात. आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला निदान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या सिमेंटला निदान १० दिवस पाणी मारायचं, पण काँक्रीटला एम२५ म्हणतो ती ताकद २८ दिवसांची धरतात. मशीन किती दिवसांनी ठेवायचं ते मशीनवाल्याच्या इन्स्टॉलेशन ड्रॉइंगमध्ये बघायचं, पॅरात 'पूर्ण' लिहिलंय म्हणून इथं २८ धरू. आणि हे दिवस कॅलेंडरचे, काँक्रीट रविवारी पण पिकतंय आणि गणपतीत पण. मशीनचे ५६ दिवस पण कॅलेंडरचे. बाकी सगळे कामाचे दिवस, रविवार सुट्टी, १४ सप्टेंबरची गणेश चतुर्थी आणि २० ऑक्टोबरचा दसरा सुट्टी. पॅरात नसलेले बाकीचे दिवस ते ते काम करणाऱ्या माणसाला विचारून भरायचे. असं टेबल होतंय:

| क्र. | काम | कशानंतर | दिवस | सुरू | संपणार |
|---|---|---|---|---|---|
| १ | पीओ, अॅडव्हान्स (माइलस्टोन) | – | ० | ३ ऑगस्ट | ३ ऑगस्ट |
| २ | मशीन येणं | १ | ५६ कॅलेंडर | ४ ऑगस्ट | २८ सप्टेंबर |
| ३ | चालू ऑर्डर संपली (माइलस्टोन) | – | ० | ३१ ऑगस्ट | ३१ ऑगस्ट |
| ४ | लेथ हलवणं | ३ | २ | १ सप्टेंबर | २ सप्टेंबर |
| ५ | खोदाई, सळी, शटरिंग | ४ | ५ | ३ सप्टेंबर | ८ सप्टेंबर |
| ६ | कॉन्ड्युट | ५ | १ | ९ सप्टेंबर | ९ सप्टेंबर |
| ७ | काँक्रीट ओतणं | ६ | १ | १० सप्टेंबर | १० सप्टेंबर |
| ८ | काँक्रीट पिकणं | ७ | २८ कॅलेंडर | ११ सप्टेंबर | ८ ऑक्टोबर |
| ९ | पॅनल, अर्थिंग | ४ | ६ | ३ सप्टेंबर | ९ सप्टेंबर |
| १० | मशीन बसवणं, लेव्हल | २, ८ | २ | ९ ऑक्टोबर | १० ऑक्टोबर |
| ११ | कमिशनिंग | ९, १० | ३ | १२ ऑक्टोबर | १४ ऑक्टोबर |
| १२ | ट्रायल | ११ | ४ | १५ ऑक्टोबर | १९ ऑक्टोबर |
| १३ | ग्राहकाचं अप्रूव्हल | १२ | ७ | २१ ऑक्टोबर | २८ ऑक्टोबर |
| १४ | पहिला लॉट | १३ | ६ | २९ ऑक्टोबर | ४ नोव्हेंबर |
| १५ | लॉट रवाना (माइलस्टोन) | १४ | ० | मुदत | ६ नोव्हेंबर |

लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणून मुदत शुक्रवार ६ तारीख धरली. म्हणजे हातात दोनच दिवस शिल्लक. आणि खरी गोष्ट दहाव्या ओळीत दिसतेय बघा: मशीन २८ सप्टेंबरला येऊन पडतंय पण बसायला ९ ऑक्टोबर उजाडतोय. पॅरा वाचून सगळे मशीनवाल्याला फोन करत बसतील, पण मशीन दहा दिवस उशिरा आलं तरी काही बिघडत नाही. खरी साखळी चालू ऑर्डरपासून सुरू होतेय, ऑर्डर, लेथ, खोदाई, काँक्रीट. फोन करायचा तर तो शॉप फ्लोअरवर.

आता तीन पद्धती.

हाताने तारखा. वरचं टेबल कुणीपण वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये टाईप करू शकतंय, तासाभराचं काम आहे. बँकेला किंवा ग्राहकाला एकदाच द्यायचं असेल आणि नंतर बदलायचं नसेल तर एवढं पुरे, उगाच पुढं जाऊ नका. पण चालू ऑर्डर ३१ ऑगस्टऐवजी ५ सप्टेंबरला संपली तर? मग चौथ्या ओळीपासून सगळं परत मोजायला लागतंय, आणि तेव्हा खोदाईच्या मध्येच गणेश चतुर्थी येते जी आधी काँक्रीट पिकण्याच्या दिवसांत लपली होती. माणूस घाईत सगळ्या तारखा सरसकट पाच दिवस पुढं ढकलतोय आणि ती सुट्टी विसरतोय. नीट मोजलं तर काँक्रीट १७ सप्टेंबरला, मशीन १६ ऑक्टोबरला बसायला सुरू, आणि ६ नोव्हेंबरपर्यंत लॉटचे सहापैकी दोनच दिवस होतात. हे ५ सप्टेंबरलाच कळायला पाहिजे, तेव्हा ग्राहकाशी अप्रूव्हलचे दिवस कमी करायचं बोलता येतंय, ऑक्टोबरच्या शेवटी बोलून काय उपयोग नाही.

एक्सेल किंवा गूगल शीटचा फॉर्म्युला. कॉलम वरचेच सहा, A ते F, पहिली ओळ हेडिंगची, म्हणजे काम क्र. १० शीटच्या ११ व्या ओळीत. दिवसाच्या कॉलममध्ये नुसता आकडा टाकायचा, 'कॅलेंडर' शब्द लिहिला तर फॉर्म्युला एरर देतोय. सुट्ट्यांच्या तारखा H कॉलममध्ये. कामाच्या दिवसांच्या ओळीला असं:

```
E11: =WORKDAY.INTL(MAX(F3,F9),1,11,$H$2:$H$10)
F11: =WORKDAY.INTL(E11-1,D11,11,$H$2:$H$10)
```

यातला 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी, ज्यांच्याकडे सोमवारी सुट्टी त्यांनी 12 लिहायचं. `MAX` मुळे दोन कामांपैकी जे उशिरा संपेल त्याच्यानंतर सुरू. काँक्रीट पिकण्याच्या ओळीला साधी बेरीज, मशीन येण्याच्या ओळीला पण तशीच:

```
E9: =F8+1
F9: =E9+D9-1
```

तारीख हाताने टाकायची ती फक्त बाहेरून ठरलेल्या गोष्टींना, म्हणजे पीओ, चालू ऑर्डरचा शेवट आणि ६ नोव्हेंबरची मुदत. मग ३१ ऑगस्टचं ५ सप्टेंबर केलं की खालचं सगळं आपोआप सरकतंय, चतुर्थीसकट. मुदतीशेजारी `=NETWORKDAYS.INTL(F15,F16,11,$H$2:$H$10)-1` टाकलं की शिल्लक दिवस दिसतात, मूळ तारखांना २. लॉट मुदतीच्या पलीकडे गेला की आकडा मायनसमध्ये जातोय, तेव्हा किती दिवस उशीर ते थेट तारखांवरनं बघा.

याची कमजोरी एकच पण मोठी आहे: 'कशानंतर' कॉलममध्ये लिहिलेला आकडा आणि फॉर्म्युला यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. कुणी तिथं '२, ८' चं नुसतं '२' केलं तरी तारीख हलत नाही, आणि फॉर्म्युलावर हाताने तारीख टाईप केली तर साखळी तिथंच तुटते आणि दिसायला काहीच फरक नसतो. तपासायची सोपी रीत म्हणजे लेथच्या ओळीत २ चे २० करून बघा, ४ च्या खालच्या सगळ्या तारखा हलल्या पाहिजेत, फक्त मुदत नाही. जी हलली नाही तिथं कुणीतरी हात घातलाय. आणि हे शीट कधी सॉर्ट करू नका, रेफरन्स सगळे भलतीकडे जातात.

एमएस प्रोजेक्ट (फुकट पाहिजे तर प्रोजेक्टलिब्रे, ते एमएस प्रोजेक्टच्या फाइल पण उघडतंय). इथं `Predecessors` मध्ये लिहिलेला आकडाच तारीख ठरवतोय, म्हणजे एक्सेलची ती कमजोरी इथं नाही. काँक्रीट पिकायला `28ed` लिहिलं की कॅलेंडरचे दिवस धरतंय, आणि मशीनच्या साखळीत किती दिवस ढील आहे, लेथच्या साखळीत किती नाही, हे आपोआप काढतंय, आणि `Critical Tasks` वर टिक केली की क्रिटिकल साखळी लाल करून दाखवतंय. एक्सेलमध्ये ते डोक्याने काढायला लागतं, पंधरा ओळींना जमतंय, ऐंशी ओळींना नाही.

पण पहिल्यांदा उघडणाऱ्याला तीन ठिकाणी फसायला होतंय. नवीन कामं मुळात `Manually Scheduled` असतात, ती `Auto Scheduled` केल्याशिवाय काहीच सरकत नाही. स्टँडर्ड कॅलेंडर सोमवार ते शुक्रवारचं असतंय, आपला शनिवार त्यात सुट्टीचा, म्हणजे वरचा प्लॅन दिवाळीच्या पलीकडे जाऊन विनाकारण पोटात गोळा येणार, म्हणून आधी कॅलेंडर बदला. आणि `Start` मध्ये तारीख टाईप केली की ते गुपचूप `Start No Earlier Than` लावतंय, मग आधीचं काम लवकर संपलं तरी हे काम पुढं येत नाही. पीओ आणि चालू ऑर्डरचा शेवट अशा बाहेरून ठरलेल्या तारखा सोडल्या तर सुरुवात आणि शेवट कधीच टाईप करायचे नाहीत, फक्त दिवस आणि क्रमांक.

माझं मत विचाराल तर एक मशीन, एक शॉप, पंधरा-वीस ओळी आणि प्लॅन सांभाळणारा एकच माणूस असेल तर एक्सेलचा फॉर्म्युलाच घ्या, कारण फाइल सगळ्यांना उघडता येते आणि सुपरवायझर पण समजून घेतोय. नवीन शेड, क्रेन, तीन-चार मशीनं, दोन-तीन ठेकेदार असं असेल, किंवा एकच फिटर दोन कामांवर लागणार असेल, तर एमएस प्रोजेक्ट शिकायला आठवडा गेला तरी द्या, कारण एक माणूस दोन जागी लावलाय हे एक्सेल कधी सांगत नाही. आणि कुठलंही घेतलं तरी पहिलं टेबल झालं की त्याची एक कॉपी तारखेसकट वेगळी ठेवा, नंतर उशीर कुठल्या ओळीत झाला हे ठेकेदाराबरोबर बोलताना तीच कॉपी लागते.