साठचे आठ: कॉल-रेकॉर्डिंग लिहून काढण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

इंदूरच्या दवा बाजारात आमचा औषधांचा होलसेल व्यवसाय आहे. ऑर्डरी फोनवर येतात, हिंदी-मराठी मिसळून, आणि त्या वहिनी घेतात. आठ महिन्यांपासून हे कॉल रेकॉर्ड करून दुकानातल्याच कॉम्प्युटरवर स्पीच-टू-टेक्स्ट मॉडेलकडून लिहून घेतो. पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकाने मागितले गोळ्यांचे 'साठ पत्ते' आणि लिहून आलं 'आठ'. तीच यादी मी टेबलावरच्या माइकसमोर वाचली, तर सगळे आकडे बरोबर आले.

फरक फोनच्या लाइनचा होता. साध्या कॉलमध्ये आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतले जातात, त्यामुळे 4000 हर्ट्झच्या वरचं काही टिकत नाही. प्रत्यक्षात साधारण 300 ते 3400 एवढाच पट्टा मिळतो. स्वर ओळखायला तो पुरतो, पण 'स'ची सळसळ बहुतेक त्याच्या वर असते. ती कापली गेली की 'साठ' आणि 'आठ' जवळजवळ सारखेच ऐकू येतात. 'श' थोडा खालच्या पट्टीतला, म्हणून 'शंभर' आमच्याकडे क्वचितच चुकतं. वहिनी फसत नाहीत, कारण कोणता दुकानदार किती माल उचलतो हे त्यांना पाठ आहे.

मी आधी फाइल 16000 च्या सॅम्पल रेटला बदलली. काही फरक पडला नाही. ऑडॅसिटी या ऑडिओ-प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती आवाज आहे याचं चित्र, उघडला, तर 4000 च्या वर नुसता काळोख. गेलेला आवाज रेट वाढवून परत येत नाही. मग खरखर काढणारा फिल्टर लावला, आणि चुका वाढल्या. उरलासुरला 'स'सुद्धा खरखरीसारखाच असतो, फिल्टर तोही पुसतो. आता तो मी लावत नाही.

खरा उपयोग झाला दोन्ही बाजू वेगळ्या केल्याने. आमचा रेकॉर्डर वहिनी डाव्या आणि गिऱ्हाईक उजव्या चॅनलवर ठेवतो. मी ते एकत्र करून देत होतो, त्यामुळे गिऱ्हाइकाचा आकडा नेमका वहिनींच्या 'हो, हो'खाली दबायचा. आता उजवा चॅनल असा वेगळा काढतो:

```
ffmpeg -i call.wav -af "pan=mono|c0=c1" -ar 16000 grahak.wav
```

शेवटचा 16000 फक्त मॉडेलला तो रेट लागतो म्हणून. फाइलही रेकॉर्डरमधली मूळ WAV घेतो. मेसेजवरून फिरून आलेली पुन्हा कॉम्प्रेस झालेली असते.

एवढं करूनही साठ-आठचा घोळ पूर्ण मिटला नाही, कारण तो 'स' रेकॉर्डिंगमध्ये आलेलाच नसतो. त्यावर उपाय वहिनींनी काढला. ऑर्डर घेताना त्या आकडा फोडून विचारतात, "साठ, म्हणजे सहा-शून्य ना भाऊ?" डाव्या चॅनलवर 'शून्य' स्पष्ट उतरतं, आणि मी ताळा त्यावरूनच करतो.