तासिका ४२, धडे ५७ तासिकांचे: सत्राचे नियोजन रोजच्या टाचणात उतरवण्याच्या पद्धतीचा अनुभव

सातवीच्या गणितासाठी ही पद्धत मी सलग दोन सत्रे वापरली आहे. थोडक्यात सांगायचे तर, आधी हातात खरोखर किती तासिका आहेत ते मोजायचे, मग कोणता उपघटक कशावर उभा आहे ते पाहून तासिकांची कपात करायची, आणि सविस्तर टाचण फक्त पुढच्या आठवड्याचेच लिहायचे. प्रत्येक टप्प्यावर काय उपयोगी पडले आणि कुठे अडले, ते आकड्यांसह लिहिते आहे.

सुरुवात तासिका मोजण्यापासून. सत्र पंधरा आठवड्यांचे आणि आठवड्याला चार तासिका असल्या की नियोजनात आपण ६० लिहून मोकळे होतो. पण सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार या आपल्या वारांवर पडणाऱ्या सुट्ट्या, परीक्षेचे दिवस, स्पर्धा आणि कार्यक्रम काढले की चित्र बदलते. हे हाताने मोजता येते, पण मी स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र वापरते:

```
=NETWORKDAYS.INTL(A2,B2,"0010011",H2:H30)
```

A2 मध्ये सत्राची पहिली तारीख, B2 मध्ये शेवटची. मधले सात अंक सोमवारपासून रविवारपर्यंतचे वार दाखवतात: ज्या वारी तासिका आहे तिथे 0, नाही तिथे 1. H स्तंभात ज्या दिवशी तासिका होणार नाही त्या सगळ्या तारखा लिहायच्या. फक्त सरकारी सुट्ट्या लिहून थांबलात तर आकडा फुगतो; घटक चाचणीचा आठवडा आणि कार्यक्रमाचे दिवसही त्यात हवेत. एका दिवशी दोन तासिका असतील तर मात्र हे सूत्र एकच मोजते, तेवढी भर हाताने घालावी लागते.

माझ्या सत्रात ६० च्या ४८ झाल्या. त्यातल्या सहा राखीव ठेवल्या, म्हणजे नवीन शिकवायला ४२. घटक नियोजनातल्या नऊ प्रकरणांची बेरीज होती ५७. पंधरा तासिकांची तूट.

इथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक प्रकरणाचा एक चतुर्थांश भाग कापला जातो. दिसायला हे न्याय्य वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे समीकरणांसारखे प्रकरण अर्धवट राहते आणि गेल्या वर्षी झालेली अपूर्णांकांची बेरीज मात्र पुन्हा पूर्ण वेळ घेते. कपात प्रकरणाच्या पातळीवर करूच नये, उपघटकाच्या पातळीवर करावी, हे या पद्धतीतले मला सर्वांत पटलेले तत्त्व. प्रत्येक उपघटकाला एकच प्रश्न विचारायचा: हा मुलांना आला नाही तर पुढचे काय काय अडेल?

पूर्णांकांना हा प्रश्न विचारला आणि त्यांच्या सहाच्या सहा तासिका तशाच ठेवल्या. ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी पक्की नसेल तर बैजिक राशी आणि समीकरणे दोन्ही तिथेच अडतात. समीकरणांच्या सातही ठेवल्या. अपूर्णांक आणि दशांशांच्या नऊपैकी बराच भाग मागच्या इयत्तेची उजळणी होता. पहिल्या तासिकेला दहा उदाहरणांची छोटी निदान चाचणी घेतली, ज्यांना समच्छेद करता येत नव्हता त्यांचा वेगळा गट केला, आणि प्रकरण सहा तासिकांत बसवले. बैजिक राशींच्या सातातून सजातीय पदांची बेरीज-वजाबाकी पूर्ण ठेवली आणि राशींचा गुणाकार ओळखीपुरता घेतला, म्हणजे पाच. गुणोत्तर-प्रमाण आणि शेकडेवारी मिळून बारा होत्या. शेकडेवारी म्हणजे शंभराशी असलेले गुणोत्तर, या एका धाग्यावर दोन्ही एकत्र घेतल्या आणि आठ केल्या. परिमिती-क्षेत्रफळ सातावरून पाच, रेषा व कोन पाचावरून तीन, सांख्यिकी चारावरून दोन. सरासरीचा सराव दशांशांच्या भागाकारातच घेतला. बेरीज बरोबर ४२.

ही सगळी कपात करताना परीक्षेचा संविधान तक्ता शेजारी उघडा ठेवावा. गुणभार मोठा असलेला उपघटक ओळखीपुरता ठेवता येत नाही, मग पुढे त्यावर काही उभे असो वा नसो. अभ्यासक्रमातले काही गाळण्याचा अधिकार आपला नाही. कशाला किती वेळ द्यायचा, एवढेच आपल्या हातात आहे. म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक उपघटकापुढे तीनपैकी एक शेरा असतो: पूर्ण शिकवायचा, ओळख करून द्यायची, किंवा स्वाध्यायातून घ्यायचा. वर्षाअखेरीस दुसऱ्या आणि तिसऱ्या शेऱ्याची यादी मी पुढच्या इयत्तेच्या गणित शिक्षकांना देते. राशींचा गुणाकार कमी झाला आहे हे त्यांना जूनमध्येच कळले, तर तिथे एक तासिका जास्त ठेवायला त्यांना वाव मिळतो.

आता रोजचे टाचण. समीकरणांचे उदाहरण घेते, कारण तिथे या पद्धतीचा सर्वांत जास्त उपयोग झाला. सात तासिकांना पुस्तकातील पाने वाटली नाहीत. त्या दिवसाच्या शेवटी मुलाने कोणते एक उदाहरण स्वतः सोडवले पाहिजे, ते आधी लिहिले. पहिल्या दिवशी x + 5 = 12, दुसऱ्या दिवशी 3x = 18, तिसऱ्या दिवशी 3x + 5 = 20, चौथ्या दिवशी 2x − 7 = −1, पाचव्या दिवशी 5x − 4 = 2x + 11. सहाव्या दिवशी फक्त शाब्दिक उदाहरणावरून समीकरण मांडायचे, सोडवायचे नाही. सातव्या दिवशी मांडून सोडवायचे आणि उत्तर मूळ उदाहरणात घालून ताळा करायचा. मांडणी आणि सोडवणूक वेगवेगळ्या दिवशी घेतल्याने मूल नेमके कुठे अडते ते स्पष्ट दिसते. दोन्ही एकत्र घेतले की चुकलेल्या उत्तरावरून काहीच कळत नाही.

शेवटचे उदाहरण ठरले की टाचण जवळजवळ आपोआप लिहून होते. चाळीस मिनिटांपैकी पाच मिनिटे हजेरी आणि स्थिरस्थावर होण्यात जातात, पाच कालच्या उदाहरणाला, बारा नवीन भागाला, तेरा सरावाला, आणि शेवटची पाच त्या एका उदाहरणासाठी. ते मुले चिठ्ठीवर सोडवून देतात. चिठ्ठ्या तपासायला गुण देण्याची गरज नसते, तीन ढीग करायचे: बरोबर, एका पायरीवर चुकलेले, सुरुवातच न झालेले. तिसऱ्या दिवशीच्या ढिगात 3x = 25 असे लिहिलेल्या चिठ्ठ्या बऱ्याच निघतात. पाच पलीकडे नेताना चिन्ह बदलले नाही, म्हणजे पक्षांतर पाठ झाले आहे पण दोन्ही बाजूंतून पाच वजा केले हे समजलेले नाही. अशा वर्गात चौथ्या दिवशी थेट 2x − 7 = −1 देण्यात अर्थ नसतो.

मग पुढे जायचे की थांबायचे? माझा नियम असा. चुकलेल्या चिठ्ठ्या एक तृतीयांशाहून कमी असतील तर पुढे जायचे आणि त्या मुलांना सरावाच्या वेळेत गाठायचे. एक तृतीयांश ते निम्म्या असतील तर दुसऱ्या दिवसाची पहिली दहा मिनिटे त्यासाठी द्यायची आणि त्या दिवशीचा सराव कमी करायचा. निम्म्याहून जास्त असतील तर राखीव तासिका वापरायची. हा हिशेब मी अनुभवातून ठरवला आहे. लहान वर्गात तो बदलावा लागेल.

राखीव तासिका सत्राच्या शेवटी एकत्र ठेवू नका, हे आवर्जून सांगते. शेवटचे आठवडे तोंडी परीक्षा, वह्या तपासणी, सराव कार्यक्रम यांतच जातात आणि राखीव तासिकांतली एकही हाती लागत नाही. मी दोन समीकरणांनंतर ठेवते, दोन गुणोत्तर-शेकडेवारीनंतर, एक पूर्णांकांनंतर आणि एक क्षेत्रफळानंतर. वापरावी लागली नाही तर त्या दिवशी मिश्र उदाहरणे घ्यायची. दोन प्रकरणे एकत्र लागणारी उदाहरणे सोडवायला एरवी वेळच मिळत नाही, त्यामुळे हे दिवस मुलांनाही आवडतात.

टाचणवहीबद्दलचा एक छोटा बदल फार कामाचा ठरला. टाचणाला तारीख नाही, क्रमांक द्यायचा: समीकरणे १, समीकरणे २. तारीख शिकवून झाल्यावर लिहायची. सविस्तर टाचण फक्त येत्या चार तासिकांचे, पुढच्यांची एकेक ओळ. एक तासिका हुकली की सगळ्या तारखा खोडत बसण्याचे काम संपते. दर शुक्रवारी पंधरा-वीस मिनिटे बसून मी उरलेल्या ओळी आणि उरलेल्या तासिका जुळवते. टाचणवही आगाऊ तपासली जात असेल, तर ही पद्धत मुख्याध्यापकांना आधीच समजावून सांगावी लागते. मला तशी परवानगी मिळाली, सगळीकडे मिळेलच असे नाही.

आता जे जमले नाही ते. रेषा व कोन तीन तासिकांत बसत नाहीत. कोनमापकावरच्या आतल्या आणि बाहेरच्या मोजपट्टीचा गोंधळ, ५० अंशांऐवजी १३० वाचणे, हे प्रत्येक मुलाच्या बाकाजवळ जाऊनच सुटते आणि त्यात एक पूर्ण तासिका जाते. दुसऱ्या सत्रात त्यासाठी चार ठेवल्या आणि राखीव पाचच राहिल्या. गुणोत्तर आणि शेकडेवारी एकत्र घेणे फक्त सममूल्य अपूर्णांक पक्के असतील तरच चालते. निदान चाचणीत 3/5 = 60/100 करता न येणारी मुले वर्गात जास्त असतील, तर दोन्ही प्रकरणे वेगळीच ठेवा आणि चार तासिका दुसरीकडून काढा.

सर्वांत मोठी अडचण तुकड्यांची. सगळ्या तुकड्यांची घटक चाचणी एकच असेल, तर प्रकरणांचा क्रम एकट्याने बदलता येत नाही. पहिल्या सत्रात मी पुस्तकाच्याच क्रमाने गेले आणि फक्त तासिकांचे वाटप बदलले. दुसऱ्या सत्राआधी आम्ही तिन्ही तुकड्यांचे शिक्षक बसलो, चाचणीपर्यंत कोणते उपघटक सगळ्यांकडे पूर्ण झालेले असतील एवढेच ठरवले, आणि त्याआधीचा क्रम ज्याचा त्याने ठरवायचा असे केले. या बैठकीला तासभर लागला.

भाषा किंवा इतिहासाला ही पद्धत जशीच्या तशी लागू पडेल असे वाटत नाही. गणितात आणि बऱ्याच अंशी विज्ञानात एक भाग दुसऱ्यावर उभा असतो, म्हणून कशाला हात लावायचा नाही हे ठरवता येते. इतिहास शिकवणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनी यातल्या दोनच गोष्टी उचलल्या, खऱ्या तासिकांची मोजणी आणि शेवटच्या पाच मिनिटांची चिठ्ठी. कपात मात्र त्या संविधान तक्त्यावरूनच करतात.